८ बाय १० च्या स्वयंपाकघरात मॉड्युलर किचन: Sweet Home 3D मध्ये प्लॅन कसा काढायचा

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की ट्रॉलीवाले घरी येतात, टेप लावतात आणि दोन दिवसांत रंगीत 3D चित्र पाठवतात. चित्र छान दिसतं. पण फ्रिजचं दार पूर्ण उघडलं तर मागून माणूस जाईल का, कोपऱ्यातला ड्रॉवर शेजारच्या हँडलला अडेल का, हे त्यात दिसत नाही, कारण चित्रात सगळी दारं बंद असतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी आपला प्लॅन आपण स्वतः एकदा काढून पाहावा. त्यासाठी Sweet Home 3D हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. साधा लॅपटॉप चालतो आणि एका शनिवार-रविवारात काम होतं.

उदाहरणाला नेहमीचं टू-बीएचकेचं स्वयंपाकघर घेऊ, बिल्डरच्या कागदावर ८ फूट बाय १० फूट. हॉलमधून आत शिरलं की समोरच्या आठ फुटी भिंतीत डावीकडे खिडकी आणि उजवीकडे ड्राय बाल्कनीचं दार. डाव्या दहा फुटी भिंतीला मुख्य ओटा, उजवी भिंत मोकळी. गॅस पाइपलाइनचा, म्हणजे ओट्याखाली सिलिंडरची जागा ठेवायची नाही.

माप घेताना

कागदावरचे ८ फूट म्हणजे २४३८ मिमी, पण ते वापरू नका. टाईल आणि तिच्यामागचा मसाला मिळून प्रत्येक भिंत साधारण २० मिमी पुढे येते. दोन्ही बाजूंनी ते वजा केल्यावर आपल्या खोलीत हातात राहतात २४०० बाय ३००० मिमी. टाईल्स लागलेल्या असतील तर थेट टाईलवरून मोजा. लागायच्या असतील तर टाईलवाल्याला जाडी विचारून वजाबाकी करा.

प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजायची: जमिनीलगत, ओट्याच्या उंचीला आणि डोक्याच्या वर. तिन्ही आकडे क्वचितच सारखे येतात. त्यातला सगळ्यात लहान आकडा धरायचा, कारण कपाट वाकत नाही. मग जमिनीवर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही, आणि एल आकाराच्या ओट्याचा ग्रॅनाइट कोपऱ्यात फट सोडणार हे आधीच कळतं. कॉलम पुढे आलेला असेल, बीम खाली आला असेल, सिंकचा ड्रेन किंवा गॅसचा कॉक जिथे असेल, ते सगळं कोपऱ्यापासून मोजून लिहून ठेवा. सुतारकामात मिलिमीटरच चालतात, म्हणून फूट-इंचाचं रूपांतर इथेच संपवा. पुढे एकच एकक.

खोली काढणे

File मधल्या Preferences मध्ये एकक Millimeter करा. तिथेच नवीन भिंतींची जाडी १०० आणि उंची तुमच्या स्लॅबइतकी, समजा २८००, टाका. मग Plan > Create walls.

इथे जवळजवळ प्रत्येक नवखा चुकतो. हे सॉफ्टवेअर भिंत तिच्या मधल्या रेषेवर काढतं, म्हणजे निम्मी जाडी खोलीच्या आत येते. तुम्ही २४०० ची भिंत काढलीत तर खोली आतून २३०० ची होते आणि पुढचा सगळा हिशेब १०० मिमीने चुकतो. म्हणून आपल्या खोलीसाठी भिंती २५०० आणि ३१०० च्या काढायच्या. पहिला क्लिक केल्यावर माऊसने अंदाज घेत बसू नका. Enter दाबलं की लांबीचा आकडा टाइप करता येतो.

चारही भिंती जोडल्या गेल्या की Plan > Create rooms निवडून खोलीच्या आत डबल-क्लिक करा. क्षेत्रफळ ७.२ चौरस मीटर दिसलं तर आतलं माप बरोबर आहे. वेगळं दिसलं तर पुढे जाऊ नका.

आता दारं आणि खिडकी. आपल्या उदाहरणात खिडकी डाव्या कोपऱ्यापासून ४०० वर सुरू होते, ११०० रुंद आहे आणि तिची खालची कड जमिनीपासून १०५० वर आहे. हा शेवटचा आकडा खिडकीच्या Modify खिडकीतल्या Elevation मध्ये जातो. बाल्कनीचं दार डाव्या कोपऱ्यापासून १६०० ते २३५०. ते बाहेर, म्हणजे बाल्कनीत उघडतं. आत उघडणारं असतं तर त्याची पूर्ण फेरी स्वयंपाकघरातच आली असती, म्हणून दार कुठे उघडतं ते जागेवर पाहूनच प्लॅनमध्ये टाका. हॉलकडची मोकळी कमान डाव्या भिंतीपासून ८५० ते १७५०.

कपाटांआधी मोकळी जागा

कॅटलॉगमधली कपाटं ओढून लावायचा मोह होतो. त्याआधी मोकळ्या जागा काढाव्यात असं माझं आग्रहाचं मत आहे, कारण हे सॉफ्टवेअर दोन वस्तू एकमेकींत घुसल्या तरी तक्रार करत नाही. कॅटलॉगच्या Miscellaneous गटात Box नावाची वस्तू आहे. ती घ्या, Modify मध्ये Keep proportions ची खूण काढा, उंची १० मिमी करा आणि फिकट लाल रंग द्या. जमिनीवर पसरलेली ही लाल चौकट म्हणजे 'इथे काहीही येणार नाही' अशी जागा.

अशा चौकटी किती मोठ्या लागतात? एकट्या माणसाला ओट्यापुढे उभं राहून वळायला ९०० मिमी लागतात. दोघं एकमेकांच्या पाठीमागून जाणार असतील तर १०५० ते १२००. पूर्ण बाहेर आलेला ड्रॉवर साधारण ५०० घेतो आणि त्याच्यापुढे वाकायला आणखी निदान ४५० लागतात. फ्रिजच्या दाराला त्याच्या रुंदीइतकी, म्हणजे ६०० ची जागा, आणि त्याच्यापलीकडे कुणी जाणार असेल तर आणखी ६००.

आपल्याकडे स्वयंपाकघरात सणावाराला तीन-चार जणी एकत्र असतात आणि रोजचा कपड्यांचा फेरा ड्राय बाल्कनीकडे असतो. म्हणून हॉलच्या कमानीपासून बाल्कनीच्या दारापर्यंतचा रस्ता हीच पहिली चौकट काढा. ९०० रुंदीची पट्टी काढली की उजव्या भिंतीला काय बसेल आणि काय नाही, हे आपोआप ठरू लागतं.

खालची कपाटं: बेरीज कागदावर, मग स्क्रीनवर

डाव्या भिंतीची ३००० मिमी लांबी खिडकीच्या कोपऱ्यापासून हॉलकडे अशी वाटू. पहिले ६०० कोपऱ्याचे. तिथे दोन ओटे मिळतात आणि समोरून हात जात नाही. मग ५० मिमीची फिलर पट्टी. मग ४५० ची तीन ड्रॉवरची ट्रॉली, तिच्यापुढे शेगडीखालची ९०० ची ताटवाट्यांची ट्रॉली, मग ३०० ची तेलाच्या बाटल्यांची उभी पुलआउट. इथपर्यंत बेरीज २३००. उरलेले ७०० फ्रिजचे. फ्रिज ६०० रुंद धरला आणि ओट्याच्या कडेला १८ मिमीचं पॅनल लावलं तरी ८२ मिमी श्वास घ्यायला राहतात. फ्रिजच्या पुस्तिकेत बाजूला आणि मागे किती जागा सोडायची ते लिहिलेलं असतं, ते इथे पडताळून घ्या.

खिडकीखालच्या भिंतीला कोपऱ्याचे ६००, फिलर ५० आणि सिंकचं ९०० चं कपाट, एकूण १५५०. बाल्कनीचं दार १६०० वर सुरू होतं, म्हणजे मध्ये चौकटीपुरती ५० मिमी जागा उरते.

शेगडी कोपऱ्याजवळ न घेता एक ट्रॉली सोडून घेतली, त्याला कारण आहे. ९०० ची ट्रॉली थेट फिलरला लावली असती तर सिंकपुढे उभा असलेला आणि शेगडीपुढे उभा असलेला माणूस यांच्यात जेमतेम ७०० मिमी अंतर राहिलं असतं. एकाचं कोपर दुसऱ्याला लागलं असतं. मध्ये ४५० ची ट्रॉली घातल्यावर तेच अंतर १०७० च्या आसपास जातं. शिवाय सिंक आणि शेगडी यांच्यामधला कोपरा चिरायला, पोळपाट ठेवायला मोकळा मिळतो. शेगडीच्या दुसऱ्या बाजूला, फ्रिजच्या आधी, ४५० मिमी ओटा उरतो. गरम कढई उतरवायला तो हवाच.

आता सॉफ्टवेअरमध्ये Kitchen गटातलं Kitchen cabinet ओढून भिंतीशी आणा. ते स्वतःहून पाठ भिंतीला लावून घेतं. प्रत्येकाची रुंदी वरच्या हिशेबाप्रमाणे, खोली ६०० द्या. हे ६०० म्हणजे साधारण ५८० चा सांगाडा आणि पुढे १८-२० मिमीचं शटर. वरचा ग्रॅनाइट आणखी २० मिमी पुढे येतो, म्हणून चालायच्या जागेचा हिशेब ६२० पासून करायचा. फिलरसाठी वेगळी वस्तू शोधू नका, ५० रुंदीचा Box लावा. प्रत्येक वस्तूला मराठीत नाव द्या: 'ट्रॉली ४५०', 'सिंक ९००'. नाव प्लॅनमध्ये दाखवायची खूणही करा, पुढे सुताराला ते उपयोगी पडतं.

कोपऱ्यातले १५ मिमी

फिलर ही वाया गेलेली जागा वाटते आणि ती काढून टाकायचा आग्रह घरूनच होतो. ती का हवी, हे स्क्रीनवर मोठं करून पाहा. सिंकच्या शटरचा पुढचा पृष्ठभाग खिडकीच्या भिंतीपासून ६०० वर आहे. त्यावरचं हँडल ३५ मिमी बाहेर येतं, म्हणजे ६३५ पर्यंत. ट्रॉली ४५० चा ड्रॉवर बाहेर येताना त्याची कड ६५० च्या रेषेवरून सरकते. मध्ये १५ मिमी उरले, ड्रॉवर सुटतो. फिलर नसेल तर ड्रॉवरची कड ६०० वर येते आणि तो दीड-दोन इंच बाहेर येऊन हँडलवर आपटतो. पहिल्याच आठवड्यात लॅमिनेटवर ओरखडा दिसतो.

हे तपासायला ड्रॉवर उघडा दाखवणारं मॉडेल लागत नाही. ४५० बाय ५०० चा Box ट्रॉलीच्या पुढे लावा, ३५ मिमी खोलीची एक पट्टी सिंकच्या शटरवर हँडल म्हणून चिकटवा आणि प्लॅन मोठा करून दोघांमधलं अंतर Plan > Create dimensions ने मोजा. हँडल निवडायचं राहिलं असेल तर ४० धरा. शटरमध्येच खाच असलेलं हँडल घेणार असाल तर फिलर थोडा कमी चालतो, पण शून्य करू नका. भिंत काटकोनात नसेल तर तीच पट्टी तिरकी कापून सुतार फरक खाऊन टाकतो.

उंची

बहुतेक ठिकाणी १०० मिमी स्कर्टिंग, ७२० चा सांगाडा आणि २० चा ग्रॅनाइट मिळून ८४० चा ओटा होतो. तुमच्यासाठी तो बरोबर आहे का, हे रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला उभं करून ठरवा. कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून १०० ते १५० वजा करायचे. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचं कोपर साधारण ९७० वर येतं, म्हणजे ८२० ते ८७०. ८४० चालेल. पण ग्रॅनाइटमध्ये बसवायचा हॉब न घेता वर ठेवायची शेगडी असेल तर भांड्याचा बूड आणखी १०० मिमीच्या पुढे उचलला जातो आणि पाच लिटरच्या कुकरमध्ये डोकावायला टाचा वर कराव्या लागतात. अशा घरात शेगडीपुरता ओटा १०० ने खाली घेतात, किंवा हॉब निवडतात. हॉबचा खर्च नको असेल तर निदान स्कर्टिंग ८० करून ओटा थोडा खाली आणता येतो. खालच्या कपाटांना सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण उंची ८४० दिली तरी आपल्या कामापुरतं पुरतं.

वरची कपाटं

वरच्या कपाटांसाठी Kitchen upper cabinet घ्या. ओट्यापासून ६०० वर म्हणजे Elevation १४४०, खोली ३२०, उंची ७२०. खोली ३५० च्या वर नेली की चिरताना कपाळ कपाटाच्या अगदी जवळ येतं. डावीकडच्या भिंतीला कोपऱ्यापासून ५० फिलर, मग ६०० ची दोन कपाटं, म्हणजे १२५० पर्यंत. तिथून १८५० पर्यंत ६०० ची चिमणी, बरोबर शेगडीच्या डोक्यावर. मग फ्रिजपर्यंत ४५० चं एक कपाट. खिडकीच्या भिंतीला वर काहीच नाही, तो उजेड अडवू नका.

चिमणी ओट्यापासून ६५० वर, म्हणजे Elevation १४९०. कंपन्या साधारण ६५० ते ७५० सांगतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. कपाटांच्या खालच्या कडेपेक्षा चिमणी ५० वर राहिली तर ते चुकलेलं नाही, लगेच एका रेषेत आणू नका.

१४४० वर सुरू होणाऱ्या कपाटात पहिला कप्पा हाताशी, दुसरा साधारण १७९० वर, तोही पोहोचतो. तिसऱ्यासाठी पाच फुटी माणसाला स्टूल लागतं. म्हणून रोजचे डबे खालच्या दोन कप्प्यांत मावतात का हे पाहा. मावत नसतील तर कपाट ९०० उंच करून उपयोग नाही, खालीच एक ट्रॉली वाढवावी लागेल. वर उघडणाऱ्या शटरचं आकर्षण असेल तर तेही इथेच तपासा. पूर्ण उघडलेल्या शटरची कड दोन मीटरच्या वर जाते आणि ते ओढून बंद करणं घरातल्या सगळ्यांना जमत नाही.

हे सगळं डोळ्यांनी पाहायला 3D view मधल्या Virtual visit मध्ये जा आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची बदलून १४५० करा. मूळ आकड्यावर ठेवलीत तर तुम्ही उंच माणसाच्या नजरेतून पाहत राहाल. आता कपाटाची खालची कड नेमकी डोळ्यांसमोर येते, आणि घरातल्या माणसाला रोज काय दिसणार ते कळतं.

उजवी भिंत आणि फ्रिजचं दार

मोकळ्या उजव्या भिंतीला मिक्सर-मायक्रोवेव्हसाठी सर्व्हिस ओटा हवा असतो. हॉलच्या भिंतीपासून १५०० लांब घेतला तर बाल्कनीच्या दारापुढे तेवढीच जागा मोकळी राहते. प्रश्न खोलीचा आहे: ६०० की ४५०?

फ्रिज मागची जागा धरून भिंतीपासून ७५० पर्यंत येतो. समोर ६०० चा ओटा घेतला तर दोघांत १०५० उरतात. ऐकायला पुरेसे वाटतात. आता फ्रिजपुढे ६०० बाय ६०० ची लाल चौकट ठेवा. दार उघडं असताना पलीकडे फक्त ४५० राहिले. हॉलची कमान इथेच आहे, म्हणजे कुणी फ्रिज उघडला की आत येणारा थांबणार. ओटा ४५० चा केला की तीच जागा ६०० होते आणि माणूस तिरका न होता जातो. मिक्सर ४५० वर आरामात राहतो. मायक्रोवेव्हची खोली मात्र आधी मोजा, मोठी मॉडेल्स बाहेर डोकावतात. मुख्य ओट्याच्या ६२० पासून या ओट्यापर्यंत १३३० मिळतात. शेगडीखालची ट्रॉली पूर्ण बाहेर असली तरी ८३० शिल्लक, म्हणजे वाकून भांडं काढता येतं.

बहुतेक फ्रिजची बिजागरी उजवीकडे असते. आपल्या मांडणीत उजवीकडे ओटा आहे आणि फ्रिज त्याच्यापुढे आलेला आहे, म्हणून दार ९० अंशांच्या पुढेही जातं आणि भाजीचा ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो. तुमच्या घरात बिजागरीच्या बाजूला भिंत असेल तर मात्र दार काटकोनातच अडकतं आणि तो ड्रॉवर साफ करायला निघत नाही. तिथे दाराच्या जाडीपेक्षा थोडी जास्त फट सोडावी लागते. आकडा पुस्तिकेत दाराच्या आकृतीशेजारी दिलेला असतो.

सुताराकडे काय द्यायचं

लाल चौकटी असलेल्या फाइलची एक प्रत जपून ठेवा आणि दुसरीतून त्या काढून टाका. दुसऱ्या प्रतीत Create dimensions ने मापं टाका, पण मोजकी: प्रत्येक भिंतीवर कपाटांच्या रुंदींची एक साखळी, तिच्याबाहेर भिंतीचं एकूण माप. साखळीची बेरीज एकूण मापाशी जुळली नाही तर कुठेतरी कपाट दुसऱ्यात घुसलं आहे. उंचीचे आकडे प्लॅनमध्ये दिसत नाहीत, म्हणून ८४०, १४४०, १४९० हे कागदावर वेगळे लिहा. सिंकचा ड्रेन, गॅसचा कॉक आणि प्लग पॉइंट कोपऱ्यापासून किती अंतरावर हवेत तेही त्याच कागदावर. ३०० च्या पुलआउटच्या मागे प्लग आला तर त्याची पिन ट्रॉलीच्या मागच्या जाळीला लागते, आणि तेव्हा इलेक्ट्रिशियनला परत बोलवून टाईल फोडावी लागते.

सांगाडे बसले आणि ग्रॅनाइट टाकला की शटर कापायला जाण्याआधी टेप घेऊन साखळीतलं प्रत्येक माप जागेवर पुन्हा घ्या. पाच मिमीचा फरक या टप्प्यावर फिलरमध्ये जिरतो. शटर लॅमिनेट होऊन आल्यावर तो कुठेच जिरत नाही.